अभ्यास रजेचा अर्ज लिहितेस होय? मग आधी हे वाच

अगं, एम.एड.साठी रजा मागतेस तर नुसतं "पुढील शिक्षणासाठी रजा मिळावी" लिहून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवू नको. मी तसंच केलेलं, "जूनपासून दोन वर्षं" एवढंच लिहिलं, आठ दिवसांनी कागद माघारी, वर लाल पेनानं तारीख? असं. म्हणून कोर्स, युनिव्हर्सिटी, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत हे एकाच वाक्यात घाल आणि अ‍ॅडमिशन लेटरची झेरॉक्स जोड, अर्जातल्या आणि लेटरमधल्या तारखा जुळल्या पाहिजेत.

अर्ज हेडमास्तरांच्या नावानंच, पण मंजुरी त्यांच्या हातात नसते की, ते शेरा मारून वर पाठवतात, सरकारी शाळा असेल तर बीईओ ऑफिसला. तिथं सगळा कारभार कन्नडात, त्यामुळं मराठी अर्जाबरोबर कन्नड प्रत पण दे, शाळेतल्या कन्नडच्या सरांकडून तपासून घे. खानापूरची फाइल बेळगाव डीडीपीआयकडं जाते, निपाणीची चिक्कोडीकडं, हे चुकवू नको.

तुझे वर्ग कोण घेणार तेही एका ओळीत लिही, हेडमास्तरांना खरी काळजी त्याचीच असते! दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घेतल्याशिवाय मात्र उठू नको. आणि परत येऊन नोकरी करायचा बॉन्ड मागतील, तो वाचूनच सही कर.