वहीतले आकडे आणि विक्रीची मुलाखत

‘मॅडम, मी डिचोलीचा, यंदा बी.कॉम. झालो. खाद्यपदार्थांच्या एका कंपनीत सेल्स ऑफिसरच्या मुलाखतीला बोलावलंय. चिकाटीचं उदाहरण आकड्यांसकट विचारतात म्हणे. मला नोकरीचा अनुभव नाही. मेपासून आईचा शाकुती मसाला डिचोली-साखळीच्या भुसारी दुकानांत विकला, तेवढंच. वहीच्या पानांचे फोटो पाठवतोय. यात सांगण्यासारखं काही आहे का?’

आहे, आणि ते तुझ्या वहीतच आहे. मे महिन्यात तू 30 दुकानं फिरलास, 4 दुकानदारांनी मिळून 48 पाकिटं घेतली. जुलैत नकार दिलेल्या 26 जणांकडे पुन्हा गेलास, तेव्हा 9 जणांनी माल ठेवून घेतला. ‘दुकानदार नाही म्हणाले, पण मी हार मानली नाही’ असं मुलाखतीत बहुतेक मुलं सांगतात. त्यावर समोरचा लगेच विचारतो, ‘दुसऱ्यांदा गेलास तेव्हा वेगळं काय केलंस?’ तिथे बरेच जण अडखळतात. नुसत्या फेऱ्या मोजून चिकाटी दिसत नाही. नकाराचं कारण काय होतं आणि त्यावर तू काय बदललंस, हे सांगावं लागतं.

तुझं कारण मेच्या पानावर सापडलं. साखळी बसस्टँडजवळच्या दुकानापुढे तू लिहिलंयस, ‘नको. खपला नाही तर परत कोण नेणार?’ हाच प्रश्न आणखी सात-आठ जणांपुढे आहे. म्हणजे अडचण चवीची किंवा किमतीची नव्हती, माल अंगावर पडण्याची भीती होती. जुलैत तू बारा पाकिटांऐवजी सहाचा बॉक्स केलास, पैसे पुढच्या फेरीला घेतलेस आणि न खपलेला माल परत नेण्याची तयारी दाखवलीस. शिवाय संध्याकाळच्या गर्दीऐवजी दुपारी दुकानं उघडताच गेलास. दुकानदाराला दोन शब्द ऐकायला तेव्हाच सवड असते. तुझ्या गोष्टीचा गाभा हा आहे, त्याला सर्वांत जास्त वेळ दे.

आता निकाल. जुलैभराच्या फेऱ्यांत 13 दुकानांत मिळून 156 पाकिटं ठेवलीस, 14 परत आली, म्हणजे विक्री 142. प्रत्येकी 50 रुपयांप्रमाणे 7,100 रुपये. मेच्या 48 शी तुलना करून ‘विक्री जवळजवळ तिप्पट केली’ म्हणता येईल, पण तेवढ्यावर थांबू नकोस. मेमध्ये दुकानामागे 12 पाकिटं जात होती, जुलैत साधारण 11. वाढ दुकानं वाढल्यामुळे झाली, दुकानामागचा खप वाढल्यामुळे नाही. हे तू स्वतःहून सांगितलंस तर समोरच्याला कळेल की आकड्यामागचं कारण तुला माहीत आहे. परत आलेली 14 पाकिटंही लपवू नकोस. ज्याने वर्षानुवर्षं बीट, म्हणजे ठरलेल्या दुकानांची फेरी, सांभाळलीय, तो पहिल्यांदा रिटर्न आणि उधारीच विचारतो.

ऑगस्टमध्ये विक्री 61 वर आली म्हणून ते पान तू गाळायचं ठरवलेलं दिसतंय. गाळू नकोस. श्रावणात इथे कितीतरी घरांत मासे-मटण बंद असतं, शाकुतीचा मसाला कमी खपणारच, हे गोव्यात माल विकलेल्या कुणालाही पटेल. मात्र ‘श्रावण होता’ एवढंच बोललास तर ती सबब वाटेल. त्या महिन्यात तू दोन दुकानदारांना अळंब्यांच्या शाकुतीसाठी मसाला सुचवलास, त्यांच्याकडे खप टिकला. ते लगेच जोड. फक्त दोन दुकानांवरून मोठा निष्कर्ष काढू नकोस.

हे सगळं दीड मिनिटात बसवायचंय. साधारण असं बोल: ‘30 दुकानांपैकी 26 जणांनी नकार दिला. बऱ्याच जणांची अडचण होती, माल पडून राहिला तर काय. मी छोटा बॉक्स आणि माल परत घेण्याची हमी देऊन पुन्हा गेलो. 26 पैकी 9 जणांनी घेतला. महिन्याची विक्री 48 वरून 142 पाकिटांवर गेली, परत आली 14.’ पाठ करू नकोस. आईला किंवा मित्राला समोर बसव आणि मध्येच थांबवून तीन प्रश्न विचारायला सांग: पैसे किती वसूल झाले? यात तुझं काम कुठलं, आईचं कुठलं? पुन्हा सुरुवात केलीस तर आधी काय बदलशील? उत्तर देताना आकडा दरवेळी वेगळा येत असेल, तर वही पुन्हा उघड. मुलाखतीत प्रश्न कोंकणीत आले तर कोंकणीतच उत्तर दे, दुकानदारांशी तू त्याच भाषेत बोललास.

एक काम मात्र मुलाखतीआधी कर. जुलैच्या 7,100 पैकी 900 रुपये तीन दुकानांकडे अजून येणं दिसतात. या आठवड्यात त्या तिघांकडे जाऊन ये. वसूल झाले तर पूर्ण आकडा सांग, नाही झाले तर कुणाकडे किती राहिले आणि ते कधी देणार आहेत, हे वहीत लिहून वही सोबत ने.