४० चढवले, ३० सोडले, मग १० कुठे गेले?

प्रश्न: माझं कापडाचं छोटं दुकान आहे. खरेदीवर ४०% चढवतो आणि सणाला ३०% सूट देतो, म्हणजे १०% तरी सुटायला हवेत. पण गल्ल्यात काहीच उरत नाही. खरेदी, टक्का, विक्री आणि जास्तीत जास्त सूट असा तक्ता कसा करू?

उत्तर:

भाऊ, तुमचे १०% चोरीला गेलेले नाहीत, ते मुळात नव्हतेच. चढवलेले ४० हे खरेदीवरचे आणि सोडलेले ३० हे विक्रीवरचे. १०० चे १४० केले, त्या १४० चे ३०% म्हणजे ४२ रुपये सोडले, उरले ९८. पदरचे दोन घालून माल दिला. माझं अमळनेरला साड्यांचं दुकान आहे आणि पहिल्या आखाजीला मीही दारावर ३०% चा फलक लावला होता. गर्दी मावत नव्हती, फार छान वाटलं. व्यापाऱ्याचं देणं भागवायला बसलो तेव्हा डोळे उघडले.

तक्ता सोपा आहे, पण त्याचा पहिलाच रकाना बहुतेक जण चुकवतात. खरेदी म्हणजे बिलावरचा भाव नव्हे, पडतळ. आपला बराच माल सुरतेहून येतो. समजा ५० साड्यांचं पार्सल आणलं, ५६० चा भाव, बिल २८,००० चं. त्यावर ५% जीएसटी १,४००. ट्रान्सपोर्टचं भाडं, हमाली आणि तुमची सुरतेची एक खेप मिळून २,१०० धरा. एकूण ३१,५००, म्हणजे साडी पडली ६३० ला. तुम्ही ५६० डोक्यात ठेवून भाव केलात तर ७० रुपये तिथेच गेले.

जीएसटी इथे पडतळीत धरला, कारण मी कंपोझिशनमध्ये आहे. भरलेला कर परत मिळत नाही आणि उलट विक्रीवर १% आपल्या खिशातून भरायचा असतो. तुम्ही नेहमीच्या पद्धतीत असाल तर खरेदी आणि विक्री दोन्ही जीएसटी वगळून मांडा. एक बाजू करासकट आणि दुसरी कराशिवाय असं मात्र करू नका.

आता दुसरा महत्त्वाचा रकाना, जो तुमच्या प्रश्नात नाही: कमीत कमी टक्का. सुटीची मर्यादा यातूनच निघते. दुकानाचा महिन्याचा खर्च काढा. उदाहरणार्थ भाडं ११,०००, पोराचा पगार १०,००० आणि लाइट, पिशव्या, चहापाणी, व्याज मिळून ९,०००, एकूण ३०,०००. महिन्याला विकला जाणारा माल पडतळीच्या भावाने २ लाखांचा असेल, तर प्रत्येक १०० रुपयांच्या मालावर १५ रुपये खर्च बसतो. ही सरासरी वर्षाची काढा. नुसता लग्नसराईचा महिना धरलात तर खर्च कमी दिसतो, आणि नुसता आषाढ धरलात तर दुकान बंदच करावंसं वाटतं.

६३० च्या साडीवर हा खर्च साडेचौऱ्याण्णव रुपये. कंपोझिशनचे सात-साडेसात. म्हणून मी कमीत कमी टक्का २० धरतो. ७५६ ला साडी गेली तर सगळं वजा जाता चोवीसेक रुपये घरी येतात. त्याच्या खाली मी उतरत नाही.

शीटमध्ये A ला मालाचं नाव, B पडतळ, C चढवायचा टक्का, D विक्री किंमत, E कमीत कमी टक्का, F शेवटचा भाव, G सुटीची मर्यादा. दुसऱ्या ओळीत हे टाका आणि खाली ओढा:

```
D2: =CEILING(B2*(1+C2),10)
F2: =B2*(1+E2)
G2: =ROUNDDOWN((D2-F2)/D2,2)
```

C, E आणि G हे रकाने आधी टक्क्यांच्या रूपात करून घ्या. साध्या रकान्यात नुसते 40 टाकले तर शीट ते चाळीस पट धरतं आणि साडीची किंमत पंचवीस हजारांच्या वर जाते. किंमत अशी भलतीच दिसली की चूक इथेच आहे असं समजा. `CEILING` वरच्या दहाला नेतं, म्हणून ८८२ चे ८९० झाले. `ROUNDDOWN` मुद्दाम घेतलंय, मर्यादा वर सरकता कामा नये.

| माल | पडतळ | चढ | विक्री | शेवटचा भाव | सूट मर्यादा |
|---|---|---|---|---|---|
| टॉवेल | ११० | २५% | १४० | १३२ | ५% |
| रोजची साडी | ६३० | ४०% | ८९० | ७५६ | १५% |
| लग्नाचा शालू | २,४०० | ५०% | ३,६०० | २,८८० | २०% |
| ब्लाऊज पीस | ८० | ६०% | १३० | ९६ | २६% |

म्हणजे "दुकानभर सरसकट १५%" असा फलक लावला की टॉवेल बुडाला. साडीवर २०% दिले तर ती ७१२ ला जाते. ६३० ची होती म्हणून ८२ सुटल्यासारखे वाटतात, पण खर्च आणि कर मोजला की वीसेक रुपयांचा खड्डा. हा खड्डा त्या दिवशी गल्ल्यात दिसत नाही, महिनाअखेरीला भाडं देताना दिसतो.

शालूला २०% कमीत कमी धरले आहेत ते खरं तर कमी आहेत. तो वर्षभर कपाटात बसतो, पैसा अडकतो. तिथे मी आता ३० धरतो, मग मर्यादा १३% वर येते. उलट दोन हंगाम पडून राहिलेल्या मालाला E मध्ये 0 टाका, मुद्दल निघालं तरी पुष्कळ. पण त्या ओळी वेगळ्या ठेवा, नव्या मालात मिसळू नका. छापील एमआरपी असलेल्या मालाला D मध्ये सूत्र न ठेवता किंमत हाताने टाका, तिच्यावर जाता येत नाही.

मर्यादा १५% आहे म्हणजे १५% द्यायचेच असं नाही. ८९० वर १०% सोडले की ८०१, साडीमागे सुटणारे २६० चे १७१ होतात. तेवढेच पैसे मिळवायला दहा साड्यांच्या जागी पंधरा-सोळा विकाव्या लागतात. तेवढी गिऱ्हाइकं खरंच वाढणार असतील तरच फलक लावा.

आणि तक्ता मोबाइलमध्ये ठेवून उपयोग नाही, कारण भाव काउंटरवर होतो. आमच्या चिठ्ठीवर ८९० मोठे छापलेले असतात आणि कोपऱ्यात बारीक 4657. पहिला आकडा उगाचच, पुढचे तीन उलटे वाचायचे: ७५६. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीसाठी साडी घेणारी मावशी "कितलामां देशी, भाऊ?" म्हणाली की पोरगा चिठ्ठीचा कोपरा बघतो, ८५० पासून बोलायला लागतो आणि ८०० च्या आसपास घडी घालून पिशवीत टाकतो. मला गल्ल्यावरून उठावं लागत नाही.