फिनच्या टोकाला नेमकी कोणती अट लावायची?

प्रश्न: ॲल्युमिनियमची गोल पिन फिन आहे. व्यास ५ मिमी, लांबी ५० मिमी, बेस १००°C, हवा ३०°C, हवेकडे उष्णता जाण्याचा गुणांक h = २५ W/m²K, धातूची उष्णतावाहकता k = २०० W/mK. मी टोकाला θ, म्हणजे हवेपेक्षा जास्तीचं तापमान, ० धरून लांब फिनचं सूत्र लावलं तर २.७५ वॅट आलं. पुस्तकाच्या मागे उत्तर १.३० वॅट आहे. समीकरण तेच, मग उत्तर दुप्पट कसं? टोकाला काय धरायचं हे ठरवतात कसं?

उत्तर:

२.७५ वॅट हे उत्तर बरोबर आहे, पण ते अनंत लांब पिनचं आहे. तुमची पिन पाच सेंटिमीटरची. ती इतकी उष्णता देऊच शकत नाही, आणि हे समीकरण न सोडवताही कळतं. पिनच्या बाजूचा आणि टोकाचा पृष्ठभाग मिळून सुमारे ८.०५ चौरस सेंमी होतो. अख्खी पिन बेसपासून टोकापर्यंत १००°C वरच राहिली असं समजा. यापेक्षा चांगली फिन असूच शकत नाही. तरी h गुणिले क्षेत्रफळ गुणिले ७० अंश एवढंच बाहेर पडेल, म्हणजे १.४१ वॅट. फिनचं कुठलंही गणित करताना हा आकडा आधी कोपऱ्यात लिहून ठेवा. उत्तर त्याच्या वर गेलं की टोकाची अट चुकली किंवा एकक चुकलं. मिमीचे मीटर करायला विसरणं हे त्यातलं नेहमीचं.

आता समीकरण पुन्हा एकदा मांडू, कारण टोकाचा प्रश्न तिथूनच निघतो. पिनमधली dx जाडीची एक चकती घ्या. डावीकडून कंडक्शनने उष्णता आत येते. त्यातली थोडी चकतीच्या कडेने हवेत जाते, उरलेली उजवीकडे पुढे सरकते. स्थिती स्थिर आहे, त्यामुळे चकतीत काही साठत नाही. म्हणून:

q(x) = q(x+dx) + h·P·dx·(T − T∞)

P हा परीघ, A छेदाचं क्षेत्रफळ, T∞ हवेचं तापमान. फूरिएच्या नियमाने q = −kA·dT/dx. तो वर घातला, θ = T − T∞ असं लिहिलं की:

d²θ/dx² − m²θ = 0, m² = hP/(kA)

एक डेरिव्हेटिव्ह फूरिएच्या नियमातून आलं, दुसरं हिशेबातून. म्हणून समीकरण दुसऱ्या ऑर्डरचं, म्हणून दोन स्थिरांक, आणि म्हणून दोन अटी. मधल्या चिन्हात घोळ करणारी मुलं दर वर्षी भेटतात. वजाच्या जागी अधिक पडलं तर उत्तरात sin, cos येतात, म्हणजे पिनचं तापमान लाटेसारखं वरखाली होणार, जे निव्वळ हास्यास्पद. आठवायची सोपी खूण अशी: पिन हवेपेक्षा गरम असेल तर θ धन, म्हणून दुसरं डेरिव्हेटिव्हही धन. तापमानाचा आलेख बेसजवळ तीव्र उतरतो आणि टोकाकडे सपाट होत जातो. कारणही उघड आहे: पुढे जाणारी उष्णता वाटेत गळत जाते, म्हणून पुढच्या चकतीला कमी उतार पुरतो.

गोल पिनला m² = 4h/(kD). तुमचे आकडे घातले की m बरोबर १० येतो, दर मीटरला. म्हणजे mL = ०.५. आता सगळा खेळ या ०.५ चा आहे.

समीकरणाचं सर्वसाधारण उत्तर:

θ = C₁·e^(mx) + C₂·e^(−mx)

बेसवरची अट सगळ्या केसेसमध्ये एकच: x = 0 ला θ = θb = ७०, म्हणजे C₁ + C₂ = ७०. दुसरी अट टोकावरून येते. लांब फिनचं सूत्र लावताना तुम्ही C₁ सरळ शून्य केला, कारण x अनंताकडे गेला तर e^(mx) फुगतो आणि θ मर्यादित राहत नाही. पण तुमचा x तर ०.०५ मीटरला संपतो! तिथे e^(mx) जेमतेम १.६५ आहे. C₁ शून्य करायला काही कारणच उरत नाही.

तुमच्या उत्तरातच विसंगती दिसते ती बघा. त्या सूत्राने x = ५० मिमीला θ = 70·e^(−0.5), म्हणजे सुमारे ४२.५ अंश येतो. प्रश्नात तुम्ही म्हणता टोकाला θ = ० धरलं, पण सूत्रात ते पाच सेंटिमीटरवर नाही, अनंतावर धरलेलं आहे. आणि त्या जागी उतारही शिल्लक आहे: तिथून १.६७ वॅट अजून पुढे वाहतायत. बाजूने बाहेर पडले फक्त १.०८. पुढे धातूच नाही, मग हे १.६७ वॅट जाणार कुठे? टोकाची अट म्हणजे नेमका हाच प्रश्न: टोकापर्यंत पोहोचलेल्या उष्णतेचं पुढे काय होतं?

खरं उत्तर असं की ती टोकाच्या गोल चेहऱ्यावरून हवेत जाते:

−k·dθ/dx = h·θ, x = L ला

यातून स्थिरांक काढले की बेसमधून जाणारी उष्णता मिळते:

q = kAm·θb·[tanh(mL) + h/(mk)] / [1 + (h/(mk))·tanh(mL)]

आकडे: kAm·θb म्हणजे तुमचेच २.७५ वॅट. tanh(mL) = ०.४६२, h/(mk) = ०.०१२५. कंसांचा भागाकार ०.४७२ येतो आणि q = १.३० वॅट. पुस्तकाचं उत्तर. टोकाचं तापमान ९१.७°C. म्हणजे पिन जवळजवळ सगळीच गरम आहे, आणि म्हणूनच उत्तर १.४१ च्या कमाल मर्यादेच्या इतकं जवळ येतं. फिनची एफिशियन्सी ९२ टक्के.

आता टोक इन्सुलेटेड धरून बघा, म्हणजे x = L ला dθ/dx = 0. इथे स्थिरांक हाताने काढणं फायद्याचं आहे. C₁·e^(mL) = C₂·e^(−mL), आणि बेरीज ७०. C₁ येतो १८.८, C₂ येतो ५१.२. तुम्ही शून्य केलेला C₁ प्रत्यक्षात सत्तरातला १८.८ होता, चूक तिथे झाली. या अटीने q = kAm·θb·tanh(mL), म्हणजे १.२७ वॅट. खऱ्या उत्तरापेक्षा फक्त दोन टक्क्यांनी कमी.

टोकावर कुणी इन्सुलेशन लावलेलं नाही, तरी ही अट इतकी जवळ का जाते? टोकाच्या चेहऱ्याचं क्षेत्रफळ बघा. ०.२ चौरस सेंमीसुद्धा नाही, बाजूचं ७.८५. टोकावरून प्रत्यक्षात ०.०३ वॅट जातात. बेसला तापमानाचा उतार मीटरमागे ३३० अंश आहे, टोकाला आठही नाही. असा उतार शून्य धरला तर बिघडत नाही. फिन आखूड आणि जाड असेल तर मात्र बिघडतं, कारण तिथे टोकाचा चेहरा एकूण पृष्ठभागाचा मोठा हिस्सा असतो.

त्या दोन टक्क्यांसाठी लांबलचक सूत्र घोकायचीही गरज नाही. टोकाचा चेहरा उलगडून बाजूला जोडला असं समजा: गोल पिनची लांबी D/4 ने वाढवा आणि इन्सुलेटेड टोकाचंच सूत्र वापरा. ५० चे झाले ५१.२५ मिमी, mL झाला ०.५१२५, आणि q पुन्हा १.३० वॅट. तीन दशांशांपर्यंत फरक पडत नाही. चपट्या पातळ फिनला D/4 ऐवजी अर्धी जाडी वाढवायची. मी स्वतः परीक्षेत किंवा कामात बहुतेक वेळा हेच वापरेन. पूर्ण सूत्र तेव्हाच, जेव्हा पेपरमध्ये 'टोकाला कन्व्हेक्शन आहे' असं लिहून सिद्धता मागितली असेल.

मग लांब फिनचं सूत्र कधी चालतं? tanh(mL) ०.९९ झाला की, म्हणजे mL साधारण २.६५ असला की. तेव्हा C₁ सत्तरापैकी ०.३५ उरतो आणि तो सोडला तरी चालतो. तुमच्या पिनला त्यासाठी २६५ मिमी लांबी हवी. लक्षात घ्या, 'लांब' हे मिलिमीटरवर ठरत नाही, mL वर ठरतं. हीच ५० मिमीची पिन स्टेनलेस स्टीलची केली, k साधारण १५, तर m ३६.५ होतो आणि mL १.८३. टोक ५१°C पर्यंत उतरतं, आणि लांब फिनचं सूत्र पाचेक टक्केच चुकतं. ॲल्युमिनियमला जे सूत्र दुप्पट उत्तर देतं, ते स्टीलला जवळजवळ चालून जातं.

चौथी अट टोकाचं तापमान दिलेलं असण्याची, उदाहरणार्थ दोन गरम प्लेटींच्या मध्ये बसवलेली दांडी. तिथे x = L ला θ = θL थेट घालायचं. दोन्ही प्लेटी सारख्याच तापमानाच्या असतील तर गणित अर्ध्यावर आणता येतं: मधोमध उष्णता ना इकडून तिकडे जाते ना तिकडून इकडे, तिथे उतार शून्य. म्हणजे अर्ध्या लांबीच्या, इन्सुलेटेड टोकाच्या दोन फिन.

एवढं सगळं एक-डायमेन्शनल धरलंय, म्हणजे चकतीच्या मध्यापासून कडेपर्यंत तापमान एकच. ते तपासायला h गुणिले त्रिज्या भागिले k काढा. इथे ०.०००३ येतो. ०.१ च्या खाली असला की निश्चिंत राहा. धातूच्या बारीक फिनमध्ये हे गृहीतक सहसा मोडत नाही.

मोडतं ते h. सगळ्या लांबीवर h एकच, हे गृहीतक गणिताच्या सोयीसाठी असतं. फिन जवळजवळ लावलेल्या असतील तर बेसजवळची हवा कोंडून गरम होते आणि टोकाला तुलनेने थंड हवा मिळते. शिवाय पिन भोकात ठोकून बसवली असेल तर सांध्यातल्या रोधामुळे पिनचा बेस १००°C ला नसतोच. आणि h चा आकडा मुळात किती पक्का असतो? तुमच्या गणितात २५ ऐवजी २० घातला तर उत्तर १.०५ वॅट येतं, ३० घातला तर १.५३. टोक इन्सुलेटेड की कन्व्हेक्शनवालं, यातला फरक होता १.२७ आणि १.३० चा.