दिवसभर पोती उचलल्यावर उंची कमी होते का? परत कधी येते?

"मंडीत ५० किलोची पोती वाहतो. सकाळी १७१ भरते, संध्याकाळी १६९.५. उंची कायमची कमी होतेय का? पोलीस भरतीची मोजणी आहे."

नाही दादा, कायमची नाही. माझा मावसभाऊ इथेच इंदूरला छावणी मंडीत हम्माली करतो, त्यालाही हीच भीती बसली होती म्हणून आम्ही घरीच मोजून पाहिलं.

पाठीच्या मणक्यांमधे ज्या गाद्या असतात ना, त्यांच्या मधल्या भागात जेलीसारखा पदार्थ असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. वजन पडलं की ते पाणी हळूहळू बाहेर जातं, गादी थोडी चपटी होते, आडवं झालं की पाणी परत आत ओढलं जातं. अशा २३ गाद्या आहेत, त्यामुळे प्रत्येकीचं अगदी थोडं थोडं मिळून सेंटीमीटर दीड सेंटीमीटर होतं. लांब पळल्यावरही हेच, प्रत्येक पावलाला दाब बसतो, फक्त तिथे फरक बहुतेक काही मिलिमीटरचाच असतो.

पण सगळा दोष पोत्यांना देऊ नका. नुसतं उठून चालू-फिरू लागलं तरी उंची घटते आणि दिवसभरात जेवढी घटायची त्यातली साधारण निम्मी उठल्यावर पहिल्या तासातच जाते. म्हणून आम्ही भावाला सुट्टीच्या दिवशीही मोजलं. भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून, डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात धरून पेन्सिलीची खूण, प्रत्येक वेळी तीनदा. रविवारी सकाळी साडेसहा ते संध्याकाळी सात १ सेंटीमीटर कमी, पोत्यांच्या दिवशी दीड. म्हणजे ओझ्याचा हिस्सा फक्त अर्धा सेंटीमीटर! आणि दमलेला माणूस वाकून उभा राहतो, त्याने पण आकडा पडतो, म्हणून ताठ उभं राहूनच मोजा.

मग त्याच संध्याकाळी त्याला पाठीवर झोपवलं, पोटऱ्या खुर्चीवर, अर्धा तास. उठल्या उठल्या मोजलं तर ४ मिलिमीटर परत आले होते. बाकीचं रात्री, त्यातही बरंचसं झोपेच्या पहिल्या अर्ध्या भागातच भरून येतं. दुसऱ्या दिवशी खूण जुन्या जागी.

तुमच्या मोजणीला आदल्या दिवशी पोती उचलू नका, रात्री पूर्ण झोपा आणि जमलं तर सकाळच्या पहिल्या लाइनीत लागा, दुपारचा नंबर आला तर आधी कुठेतरी २०-३० मिनिटं पाय वर करून आडवे व्हा. यातून काही मिलिमीटर वाचतील, हाडाची उंची वाढणार नाही.

दोन-तीन दिवस आराम करूनही सकाळची खूणच खाली येत राहिली, किंवा कंबरेतून पायात कळ, मुंग्या जात असतील तर मात्र हाडांच्या डॉक्टरला दाखवा, ते साधं पाणी कमी होणं नाही.