'दुय्यम' बंध नेमका कशात दुय्यम?

*मुलाच्या डिप्लोमाच्या पुस्तकात 'प्राथमिक बंध' आणि 'दुय्यम बंध' असे दोन प्रकार दिलेत. दुय्यम म्हणजे कमी महत्त्वाचा ना? मग त्याच पानावर 'प्लॅस्टिकचा द्रवणांक दुय्यम बंध ठरवतात' असं कसं? 'गौण' किंवा 'द्वितीयक' म्हटलं तर बरं का?*

शब्द चुकलेला नाही, आपला कान फसवतोय. फारसी 'दोयम'चा अर्थ नुसता 'दुसरा'. मराठीत तो अव्वलच्या खालच्या पायरीवर बसला, आणि दुय्यम निबंधक, दुय्यम भूमिका असं ऐकून ऐकून आपल्याला त्यात कमीपणा दिसायला लागला. रसायनात ही विभागणी मानाची नाही, इलेक्ट्रॉनांच्या व्यवहाराची आहे. अणूंनी इलेक्ट्रॉन दिले-घेतले (आयनिक), वाटून घेतले (सहसंयुज) किंवा सगळ्यांनी मिळून सामाईक केले (धात्विक), तर तो बंध प्राथमिक. असा व्यवहार न होता रेणूंमधल्या विद्युतभाराच्या असमतोलामुळे नुसती ओढ असेल, तर तो दुय्यम. व्हॅन डर वाल्स यांच्या नावाची ओढ यातलीच. हायड्रोजन बंधही सहसा इथेच धरतात.

आता तुमचा खरा प्रश्न. दुधाच्या रिकाम्या पिशवीची बोटभर रुंद पट्टी कापा आणि दोन्ही टोकं धरून सावकाश ओढा. आधी ती मऊपणे लांबत जाते, मध्येच कुठेतरी बारीक होते, आणि बरीच लांबल्यावर एकदम हट्टाला पेटते. आता तिला ओढायला चांगलाच जोर लागतो. पदार्थ तोच, बदललं काय? पॉलिथीन म्हणजे CH₂ गटांच्या लांबच लांब साखळ्या. साखळीतला कार्बन-कार्बन बंध सहसंयुज. एक मोल बंध तोडायला सुमारे ३५० किलोज्यूल लागतात. शेजारच्या साखळीशी असलेली ओढ मात्र एक मोल गटांमागे १० किलोज्यूलच्याही आत. सुरुवातीला साखळ्या गुंतवळासारख्या असतात, म्हणून तुम्ही ओढता तेव्हा प्राथमिक बंध जवळजवळ ताणलेच जात नाहीत; दुय्यम ओढ सोडून साखळ्या एकमेकींवरून सरकतात. पट्टी लांबली की बऱ्याच साखळ्या ओढीच्या दिशेने सरळ होतात, आणि मग तुमचा हात हळूहळू थेट सहसंयुज बंधांशी झगडायला लागतो.

कारखान्यात हेच पराकोटीला नेतात. अतिलांब साखळ्यांच्या पॉलिथीनचे, साखळ्या जवळजवळ सरळ केलेले धागे काढतात. साध्या कडक पॉलिथीनचा ताठपणा साधारण १ गिगापास्कल, या धाग्याचा लांबीच्या दिशेने १०० च्या आसपास. ॲल्युमिनियमचा ७० आहे, म्हणजे त्यालाही मागे टाकलं. पण द्रवणांक? साधं कडक पॉलिथीन १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि हा धागा १५० च्या आतबाहेर. ताठपणा शंभरपट, द्रवणांकात जेमतेम वीसेक अंशांची वाढ! कारण वितळताना साखळी तुटावी लागतच नाही. साखळ्या एकमेकींपासून सुट्या झाल्या की झालं, आणि ते काम दुय्यम बंधांच्या हातात. याच कारणाने या धाग्याचा दोर सतत भाराखाली ठेवला तर दिवसेंदिवस थोडाथोडा लांबत जातो. साखळ्या तुटत नाहीत, घसरतात.

उलटी बाजू कुकरच्या काळ्या मुठीत दिसते. बेकेलाइटमध्ये साखळ्यांच्या मध्येही सहसंयुज बंध घातलेले असतात. सुटं व्हायला काही उरतच नाही, म्हणून जाळ लागला तर मूठ वितळत नाही, जळून कोळसा होते.

मात्र 'प्राथमिक म्हणजे नेहमी दणकट' हेही पाठ करू नका. पारा धात्विक बंधानेच बांधलेला आहे आणि उणे ३९ अंशांनाच वितळतो. टंगस्टन त्याच प्रकारच्या बंधाने ३४०० अंशांच्या पुढे जातो. विद्युतवाहकतेत तर बंधाचं बळ पाहून काहीच कळत नाही, इलेक्ट्रॉन मोकळे आहेत का ते पाहावं लागतं. हिऱ्याचे बंध अतिशय बळकट, पण इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले, म्हणून वीज वाहत नाही. ग्रॅफाइटही कार्बनच, थरात सहसंयुज बंध आणि शिवाय काही मोकळे इलेक्ट्रॉन, थराथरांत मात्र नुसती दुय्यम ओढ. म्हणून थराच्या दिशेने वीज चांगली वाहते, थर ओलांडताना फार कमी. आणि पेन्सिल कागदावर उमटते ती थर घसरतात म्हणून.

पर्यायी शब्दांचं म्हणाल, तर 'गौण' नकोच. तुम्हाला खटकणारा कमीपणा त्यात जास्तच आहे. 'द्वितीयक' चालेल, पण अल्कोहोल आणि अमाइनांच्या प्रकारांसाठी तो आधीच वापरात आहे. मी 'दुय्यम'च ठेवीन, आणि पहिल्या उल्लेखाला 'रेणूरेणूंमधला' एवढं जोडीन. पॉलिथीनपुरतं 'साखळ्यांमधला' म्हटलं तर मुलाला आणखी लवकर कळेल.