खजिनदाराला पत्र: प्रकारवार खर्चाची बेरीज

प्रिय खजिनदार,

मंडळाच्या खर्चाची शीट पाहिली. दर प्रकाराला फिल्टर लावून, खाली दिसणारी बेरीज वहीत उतरवून घ्यायची ही तुझी पद्धत चुकीची नाही. फक्त तिला अंत नाही. उद्या कुणी डेकोरेशनची राहिलेली पावती आणून दिली की सगळे फिल्टर पुन्हा. त्यापेक्षा SUMIF हे सूत्र वापर. ते तीनच गोष्टी विचारतं: कुठे शोधू, काय शोधू आणि सापडलं तर कुठल्या रकमा मिळवू.

तुझ्या शीटमध्ये A रकान्यात तारीख आहे, B मध्ये तपशील, C मध्ये प्रकार आणि D मध्ये रक्कम. बाजूला G रकान्यात, G2 पासून, चार प्रकार एकाखाली एक लिही: मंडप, प्रसाद, रोषणाई, विसर्जन. मग H2 मध्ये हे टाइप कर आणि खाली ओढ:

```
=SUMIF($C$2:$C$200,G2,$D$2:$D$200)
```

डॉलरची चिन्हं गाळू नकोस. ती नसली तर खाली ओढताना पट्टाही एकेक ओळ खाली सरकतो आणि वरच्या नोंदी बेरजेतून गळतात. गंमत म्हणजे तुझ्या शीटमध्ये हे आज दिसणारच नाही. मंडपाचा खर्च सगळ्यात आधी झाला आणि तो सारांशातही पहिला आहे, विसर्जनाचा शेवटी झाला आणि तो शेवटी आहे, त्यामुळे पट्टा सरकूनही उत्तरं बरोबर येतात. कुणीतरी शीट उलट क्रमाने लावली, ताजी नोंद वर, की विसर्जनाचे 9,000 थेट शून्य होतील.

आता तू पाठवलेल्या सात नोंदी घेऊ. मंडपाचे 15,000 आणि 12,000. प्रसादाचे 2,400, 1,850 आणि 3,150. रोषणाईचे 6,500, विसर्जनाच्या ढोल-ताशाचे 9,000. सूत्र घातल्यावर मंडप 27,000 येतो, रोषणाई आणि विसर्जनही बरोबर येतात, पण प्रसाद येतो 4,250. हातानं केलीस तर बेरीज 7,400 होते. लाल अक्षरात कुठलीही चूक दाखवली जात नाही, आकडाही पटण्यासारखा असतो. सभेत हा 4,250 वाचला गेला असता तर कुणी हरकतसुद्धा घेतली नसती.

म्हणून सारांशाच्या खाली एक घर ठेवायचं:

```
=SUM($D$2:$D$200)-SUM(H2:H5)
```

एकूण खर्च 49,900, चार प्रकारांची बेरीज 46,750, फरक 3,150. हा फरकच कुठे बघायचं ते सांगतो, कारण 3,150 ही रक्कम असलेली नोंद एकच आहे: 2 सप्टेंबरची, सातव्या ओळीतली. C7 मध्ये दिसायला ‘प्रसाद’च लिहिलंय. कुठल्यातरी घरात =LEN(C7) घालून बघ, 7 येईल. ‘प्रसाद’ या शब्दाची लांबी शीटच्या हिशेबाने 6 आहे (प, हलन्त, र, स, काना, द, असं ती मोजते), म्हणजे सातवं काहीतरी शेवटी चिकटलंय. ती मोकळी जागा आहे. मोबाइलच्या कीबोर्डवर सुचवलेल्या शब्दावर बोट ठेवलं की पाठोपाठ ती आपोआप येते. ती नोंद कुणीतरी भाजीबाजारात उभ्या उभ्या केली असणार. SUMIF ला जागा असलेला आणि नसलेला ‘प्रसाद’ हे दोन वेगळे शब्द वाटतात.

घर पुसून शब्द नव्याने लिहिलास की झालं. तुला कुणी "*प्रसाद*" अशी चांदणी लावायला सांगेल, म्हणजे आजूबाजूला काहीही असलं तरी चालतं. मी ते करणार नाही. पुढच्या वर्षी ‘महाप्रसाद’ असा वेगळा प्रकार काढलात की त्याची रक्कम दोनदा धरली जाईल. त्याऐवजी C रकान्याला ड्रॉपडाउन लाव, म्हणजे प्रकार लिहायचा नाही, निवडायचा. तरी बाहेरून कॉपी करून चिकटवलेला मजकूर एक्सेलच्या ड्रॉपडाउनला चुकवून आत येतो, तेव्हा फरकाचं घर काढून टाकू नकोस.

या घराला एक चूक मात्र अजिबात दिसत नाही. आपल्याकडे रक्कम ‘9000/-’ अशी लिहायची सवय हाडीमाशी आहे. पावतीवर ती शोभते, पण शीटमध्ये असं लिहिलेलं घर आकडा राहत नाही, मजकूर होतो. SUMIF त्याला सोडून देतं आणि SUM सुद्धा सोडून देतं. दोन्हीकडून तेच 9,000 गेल्यामुळे फरक शून्यच राहतो. त्यासाठी आणखी एक घर:

```
=COUNTA($D$2:$D$200)-COUNT($D$2:$D$200)
```

पहिला भाग भरलेली घरं मोजतो, दुसरा फक्त आकडे असलेली. उत्तर शून्य नसेल तर तितक्या रकमा मजकूर म्हणून पडल्या आहेत. नजरेनंही ओळखता येतात: आकडे उजवीकडे टेकतात, मजकूर डावीकडे. (कुणी सगळा रकाना मधोमध आणून ‘नीटनेटका’ केला नसेल तर!)

अध्यक्षांचा प्रश्न होता की उत्सवाच्या दिवसांत, म्हणजे 27 ऑगस्टच्या चतुर्थीपासून 6 सप्टेंबरच्या अनंत चतुर्दशीपर्यंत, प्रसादावर किती गेले. इथे अटी एकाहून जास्त आहेत, म्हणून SUMIFS. त्यात क्रम उलटतो, मिळवायच्या रकमा आधी येतात:

```
=SUMIFS($D$2:$D$200,$C$2:$C$200,"प्रसाद",
 $A$2:$A$200,">="&DATE(2025,8,27),
 $A$2:$A$200,"<="&DATE(2025,9,6))
```

उत्तर 5,000 यायला हवं. 25 ऑगस्टला आणलेले नारळ-साखरेचे 2,400 यात धरले जात नाहीत. हे सूत्र व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलू नकोस. तिथून येताना सरळ अवतरणचिन्हं कधीकधी वळणदार होतात आणि मग सूत्र चालत नाही.

पण 5,000 ऐवजी 0 आलं तर सूत्राला दोष देण्याआधी A रकाना बघ. गूगल शीट अमेरिकेच्या मांडणीत असेल तर ती महिना आधी वाचते. 02/09/2025 तिला 9 फेब्रुवारी वाटतो. 27/08/2025 मध्ये सत्ताविसावा महिना कुठून आणणार, म्हणून ती तारीख नुसता मजकूर होऊन डावीकडे जाऊन बसते. दोन्ही नोंदी अटीबाहेर आणि बेरीज शून्य. File मध्ये Settings उघड, Locale ला India कर, आणि मग जुन्या तारखा पुन्हा भर, कारण आधी फेब्रुवारी झालेली नोंद आपणहून सप्टेंबर होत नाही. सूत्रात मी तारीख थेट न लिहिता DATE का वापरलं तेही यातच आलं: त्यात वर्ष, महिना, दिवस हा क्रम पक्का असतो, मांडणी कुठलीही असो.

एक काम तुझ्या डोळ्यांनाच करावं लागेल. रोषणाईचं बिल कुणी मंडपात टाकलं तर दोन्ही तपासण्या शून्यच दाखवतील. तेव्हा सभेच्या आधी पावत्यांचा गठ्ठा घेऊन B आणि C हे दोन रकाने एकदा ओळीनं वाच, आणि मगच शीट अध्यक्षांना पाठव.

तुझा,
जुना खजिनदार