फिरलेला दात, तेरावा ट्रे आणि माझा चहा

«वय ३६. खालचे दात दाटीवाटीचे आहेत, सुळ्यामागचा एक तर चांगलाच फिरलाय. कामामुळे रोज लोकांसमोर असते, म्हणून तारा नको वाटतात. अलायनरने होईल का, की ब्रेसेसच लावावे लागतील?»

ताई, तुमचा तो 'सुळ्यामागचा फिरलेला' वाचलं आणि माझीच फाइल उघडल्यासारखं झालं. मी डॉक्टर नाही, हा एका तोंडाचा अनुभव आहे, तेवढाच धरा.

दात थोडे पुढेमागे असतील, मध्ये फट असेल किंवा किरकोळ दाटी असेल, तर अलायनर, म्हणजे दातांवर बसणारे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे, छान काम करतात. अडचण सुळ्यामागच्या फिरलेल्या उपदाढेची. ती वरून बघितली तर जवळजवळ गोल असते. गुळगुळीत गोल बाटलीवर प्लास्टिकची टोपी नुसती बसवून फिरवून बघा, टोपी फिरते आणि बाटली तिथेच राहते. म्हणून दातावर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात, त्यांना अटॅचमेंट म्हणतात. तरीही एका ट्रेने दात जेमतेम २ अंश फिरतो. माझा ४० अंश फिरलेला होता, म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी २० ट्रे नुसते त्या एका दाताचे.

मला २२ ट्रे दिले होते, दर १० दिवसांनी बदलायचे. नवव्या ट्रेच्या वेळी आरशात दिसलं की बाकीच्या दातांवर प्लास्टिक घट्ट बसलंय, पण त्या उपदाढेच्या टोकावर नखाच्या चंद्रकोरीएवढी पोकळी आहे आणि तिच्यात थुंकीचा बुडबुडा अडकतोय. ही खूण लक्षात ठेवा. दात ट्रेच्या मागे पडला, असा तिचा अर्थ. मी क्लिनिकला फोटो पाठवला. उत्तर आलं, 'काही नाही, पुढचा ट्रे घाला, होईल.' ते उत्तर डॉक्टरांचं नव्हतं, बोलणारी कोऑर्डिनेटर होती. डॉक्टर मला स्कॅनच्या दिवशी दिसले, ते शेवटचे. (नाव विचारू नका, व्यक्तिगत निरोपातही सांगणार नाही.)

तेराव्या ट्रेपर्यंत असंच ढकललं. मग तो बसेचना. खरा उपाय साधा होता: जो ट्रे नीट बसतो त्यावर मागे यायचं, रबरी च्यूई दाताखाली धरून रोज चावायची, पोकळी गेली की मगच पुढे. पण मी जुने ट्रे प्रत्येक वेळी कचऱ्यात टाकत होतो! माझी सगळ्यात महागडी चूक हीच. परत स्कॅन, नव्या सेटची वाट, आणि तोवर मागे यायला ट्रेच नाही. ताई, एकही ट्रे टाकू नका, नंबर घालून डब्यात ठेवा.

थोडा दोष माझ्या चहाचाही आहे. ट्रे दिवसाला २२ तास तोंडात हवा. हिशोब करा: नाश्ता २५ मिनिटं, दोन जेवणं मिळून ९०, चार चहा प्रत्येकी २०. झाले सव्वातीन तास, त्यात काढून ठेवून विसरलो तर आणखी. ट्रे घालून चहा प्यायचा नाही, गरम चहाने प्लास्टिक वाकतं आणि डागही पडतात. मला सुरुवातीला कुणी विचारलंच नाही की तुम्ही चहा किती वेळा पिता. विचारायला हवं होतं.

शेवटी दुसरीकडे गेलो, दात सरळ करण्यातल्या तज्ज्ञाकडे, एमडीएस ऑर्थोडाँटिस्टकडे. त्यांनी फक्त खाली ब्रेसेस लावले. तिथे ब्रॅकेट थेट दाताला चिकटलेलं असतं, तार त्याला धरून फिरवते, तुमची शिस्त लागत नाही. पाच महिन्यांत दात वळला. खालच्या तारा बोलताना फारशा दिसतही नाहीत. ओठाला आतून टोचतं तेव्हा मेण लावा, पेरू आणि भाजलेलं कणीस दाताने तोडू नका, एवढं सांभाळलं की झालं.

म्हणून माझं मत, थोडं एकांगी असेल: तुमच्यासारख्या केसला फिरलेल्या दातापुरते आधी ब्रेसेस आणि उरलेल्यासाठी अलायनर, हा मधला मार्ग डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बाकी सगळ्या 'स्माइल' गप्पा बाजूला ठेवून विचारा, 'हा दात किती अंश फिरलाय, आणि तो ट्रेच्या मागे पडला तर कोण बघणार?' हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी ते बरं करून घ्या, सुजलेल्या हिरड्यांवर दात हलवणं धोक्याचं.

एक राहिलंच. फिरवलेला दात परत फिरायला बघतो, हिरडीचे तंतू त्याला मागे ओढतात. म्हणून नंतर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर लागतो, त्याचे पैसे कोटेशनमध्ये धरलेत का बघा, माझ्यात नव्हते.